फाशी रद्द करावी का? नाशिकच्या एका खटल्यावर उभं राहणारं भाषण

प्रश्न: मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेत ‘फाशीची शिक्षा रद्द करावी’ या विषयावर अनुकूल बाजूनं बोलायचंय. वेळ सात मिनिटं, नंतर विरोधी वक्ते आणि परीक्षक प्रश्न विचारतात. मुद्दे खूप जमवलेत: मानवी हक्क, इतर देशांची यादी, गांधीजी, जरब बसते की नाही. पण भाषण काही जमत नाही. कसं लिहू? नमुना दिलात तर फार बरं होईल.

उत्तर:

गेली बावीस वर्षं मी सत्र न्यायालयात फौजदारी वकिली करतो आणि या विषयावरच्या स्पर्धांना अनेकदा परीक्षक म्हणून बसलोय. अनुकूल बाजूची मुलं हरतात ती बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. पाच-सहा मुद्दे सांगून ती खाली बसतात आणि समोरचा उठून एवढंच विचारतो, ‘ज्यांची माणसं मेली त्यांना काय सांगणार?’ त्या प्रश्नाला देशांची यादी उत्तर देऊ शकत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की एकच मुद्दा घ्या आणि एकच खटला. मुद्दा हा की न्यायालयाची चूक नंतर उघडकीला आली, तरी फाशीनंतर ती दुरुस्त करता येत नाही. खटला आपल्याच महाराष्ट्रातला: अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य. त्यात सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आहेत, एक ३० एप्रिल २००९ चा आणि दुसरा ५ मार्च २०१९ चा. हे दोन्ही निकाल एकामागोमाग एक, एका बैठकीत वाचा. खटला तोच, आरोपी तेच, साक्षीदार तेच. पहिल्या निकालात सहाही जण फाशीला पात्र आहेत, दुसऱ्यात सहाही निर्दोष.

भाषणाआधी घटनाक्रम पाठ हवा, कारण तारखेत चुकलात तर समोरचा तिथेच पकडेल. ५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळ बागेतल्या झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर हल्ला झाला आणि पाच जण मारले गेले. १२ जून २००६ ला नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहा जणांना फाशी सुनावली. सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. २२ मार्च २००७ ला मुंबई उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम केली आणि तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या तिघांनाही पुन्हा फाशी सुनावली. पुढे फेरविचार याचिकेवर ३१ ऑक्टोबर २०१८ ला न्यायालयानं आपलाच निकाल मागे घेतला, अपिलं नव्यानं ऐकली आणि २०१९ मध्ये सगळ्यांना सोडलं.

सोडण्याचं कारण नीट समजून घ्या, भाषणाचा कणा तोच आहे. त्या हल्ल्यातून वाचलेली आई ही खटल्यातली मुख्य प्रत्यक्षदर्शी साक्षीदार. घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जून २००३ ला, पोलिसांनी तिला गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला आणि तिनं त्यातले चार चेहरे ओळखले. ते चार जण या सहांपैकी नव्हते. हा जबाब कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर झाला होता, तरी सरकारी पक्षानं तो खटल्यात पुढे आणला नाही आणि त्या चौघांचा तपासही झाला नाही. नंतर पकडलेल्या सहा जणांची ओळख परेड झाली आणि न्यायालयात त्यांच्याकडे बोट दाखवलं गेलं. तीन पायऱ्यांवरच्या न्यायालयांनी ती ओळख ग्राह्य धरली.

एक काळजी घ्या. त्या आईवर खोटेपणाचा आरोप करू नका, इशाऱ्यानंही नको. घरातली माणसं डोळ्यांदेखत गेलेली बाई अनेक दिवसांनी परेडमध्ये चूक करू शकते. तिनं आधी काय सांगितलं होतं ते न्यायालयापुढे ठेवणं हे तपास यंत्रणेचं काम होतं. माझ्या वकिलीत ओळख परेडवर उभे असलेले खटले मी बरेच लढवले. परेडच्या कागदात साक्षीदाराचा ठामपणा दिसतो, पण त्याआधी त्याला कोणते फोटो दाखवले आणि तेव्हा तो काय म्हणाला हे बऱ्याचदा त्या कागदात नसतंच.

आता नमुना. स्टेजवर सावकाश बोललात तर मिनिटाला शंभर-एकशे दहा शब्द होतात. खालचं भाषण मुद्दाम पाच मिनिटांत बसेल एवढंच ठेवलंय, म्हणजे थांबायला आणि स्वतःचं काही घालायला जागा राहील.

“अध्यक्ष महोदय, परीक्षक आणि मित्रहो,

५ जून २००३ ची रात्र. नाशिकजवळ एका बागेत झोपडी बांधून एक कष्टकरी कुटुंब राहत होतं. त्या रात्री काही माणसं आत शिरली. त्यांनी पैसे लुटले, दागिने लुटले, घरातल्या बायकांवर अत्याचार केले आणि पाच जणांना मारलं. त्यात पंधरा वर्षांची एक मुलगी होती. एक आई आणि तिचा एक मुलगा वाचला.

फाशी हवी असं म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना ज्या गुन्ह्याची चीड येते, तो हाच. मलाही येते. म्हणूनच मी आज या गुन्ह्याबद्दल बोलणार आहे, एखाद्या सौम्य गुन्ह्याबद्दल नाही.

पोलिसांनी सहा जण पकडले. भटक्या जमातीतले, मोलमजुरी करणारे. सत्र न्यायालय म्हणालं, फाशी. उच्च न्यायालय म्हणालं, तिघांना फाशी, तिघांना जन्मठेप. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, सहाही जणांना फाशी. एकूण पाच न्यायाधीशांनी हा खटला तपासला आणि सहा जण दोषी आहेत याबद्दल पाचांपैकी एकाच्याही मनात शंका उरली नाही.

आणि दहा वर्षांनी त्याच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे सहाही जण निर्दोष आहेत.

काय घडलं होतं? त्या आईनं घटनेनंतर दोन दिवसांत पोलिसांच्या अल्बममधून चार माणसं ओळखली होती. ती चार माणसं वेगळी होती. तो जबाब न्यायालयापुढे आणला गेला नाही. तो कागद सरकारच्याच ताब्यात होता आणि सरकारच सहा जणांसाठी फाशी मागत होतं.

अध्यक्ष महोदय, मृतांना न्याय हवा असं आपण म्हणतो. मग सांगा, या पाच मृतांना न्याय मिळाला का? आईनं दाखवलेल्या चौघांच्या मागावर कोणी गेलंच नाही. चुकीच्या माणसाला फाशी सुनावली की पहिली गोष्ट घडते ती ही, की फाइल बंद होते. गुन्ह्याचा छडा लागला असं समजून सगळे घरी जातात. २०१९ मध्ये न्यायालयानं त्या चौघांच्या दिशेनं पुढचा तपास करायला सांगितला, तोवर जवळजवळ सोळा वर्षं गेली होती.

आता एका दुसऱ्या माणसाबद्दल. १९९६ मध्ये राजस्थानात रावजी नावाच्या कैद्याला फाशी दिली गेली. त्याच्या निकालात म्हटलं होतं की शिक्षा ठरवताना गुन्हा पाहायचा, गुन्हेगार नाही. १९८० च्या बच्चन सिंग निकालात घटनापीठानं याच्या उलट सांगितलं होतं: गुन्हाही पाहा आणि गुन्हेगारही पाहा. तेरा वर्षांनी, मे २००९ मध्ये, महाराष्ट्रातल्याच संतोषकुमार बारियार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की रावजीचा निकाल घटनापीठाचा निर्णय दुर्लक्षून दिला गेला होता. कायदा दुरुस्त झाला. रावजी तेव्हा नव्हता.

नाशिकच्या सहा जणांनाही २००९ मध्ये फाशी सुनावताना न्यायालयानं याच रावजीच्या निकालाचा आधार घेतला होता. ते जिवंत बाहेर आले, त्याचं कारण त्यांची फाशी अमलात यायला उशीर झाला. बाकी सगळं रावजीसारखंच घडलं होतं.

माझे मित्र म्हणतील, मग गुन्हेगाराला मोकळं सोडायचं का? नाही. २००८ च्या स्वामी श्रद्धानंद खटल्यापासून न्यायालय वीस वर्षं, तीस वर्षं किंवा अख्खं आयुष्य, शिक्षेत सूट न देता तुरुंगात ठेवू शकतं आणि २०१५ मध्ये घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. समाजाचं रक्षण त्या शिक्षेनंही होतं. फरक एवढाच, की उद्या तो दडवलेला जबाब सापडला तर तुरुंगाचं दार उघडता येतं.

संविधान सभेत ३ जून १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपला कल फाशी पूर्णपणे रद्द करण्याकडे असल्याचं सांगितलं होतं. २०१५ मध्ये विधी आयोगानं दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारण्याचे गुन्हे वगळून फाशी रद्द करायची शिफारस केली. मी त्याच्या एक पाऊल पुढे जाऊन म्हणतो: पूर्ण रद्द करा. त्याचं कारण मी प्रश्नोत्तरांत द्यायला तयार आहे.

नाशिकच्या त्या सहा जणांना सरकारनं प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत असा आदेश २०१९ मध्ये झाला. ते पैसे घ्यायला ते हयात होते, एवढ्यासाठी मी या ठरावाच्या बाजूनं उभा आहे.”

‘पूर्ण रद्द करा, कारण नंतर देतो’ हे वाक्य मुद्दाम ठेवलंय. दहशतवादाचा प्रश्न येणारच आणि तो तुमच्या तयारीच्या ठिकाणी यावा. प्रश्न येईल तो बहुधा कसाबचं नाव घेऊन. कसाबबद्दल ओळखीची शंका नव्हती हे सरळ मान्य करा, तिथे वाद घालू नका. मग म्हणा की कायदा एका माणसासाठी लिहिता येत नाही, तो गुन्ह्यांच्या प्रकारासाठी लिहावा लागतो. आणि दहशतवादाच्या खटल्यांत चूक होण्याचा धोका कमी नसतो, उलट वाढतो, कारण लोकांचा दबाव प्रचंड असतो आणि तपास यंत्रणेला लवकर कोणीतरी दाखवायचं असतं. उदाहरण द्या अक्षरधामचं. गांधीनगरच्या त्या मंदिरावर २००२ मध्ये हल्ला झाला. पोटा कायद्याखाली सहा जण दोषी ठरले, तिघांना फाशी झाली, गुजरात उच्च न्यायालयानं ती कायम केली. १६ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि तपासावर कडक ताशेरे ओढले. हे उदाहरण पक्कं आहे, कारण तिथे शेवटचा शब्द सर्वोच्च न्यायालयाचा आहे.

मुंबईच्या २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांचा खटला मात्र वापरू नका. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यातल्या आरोपींना निर्दोष ठरवलं, त्यात फाशीचे पाच होते. पण सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं न्यायालयानं लगेच सांगितलं. परीक्षक वकील असेल तर हे त्याला माहीत असतं.

सगळ्यात अवघड प्रश्न वेगळाच आहे आणि हुशार विरोधक तोच विचारतो: ‘तुमचे सहा जण सुटले ना? म्हणजे व्यवस्थेनं चूक पकडली. मग व्यवस्था चांगलीच आहे की!’ इथे मुलं गडबडतात. उत्तर घटनाक्रमातच आहे. अपिलाच्या सगळ्या पायऱ्या २००९ मध्ये संपल्या होत्या आणि त्यातल्या एकाही पायरीवर चूक पकडली गेली नव्हती. उरला तो फेरविचार, आणि तो सहसा फेटाळला जातो, कारण तिथे पुरावा नव्यानं तोलायचा नसतो, निकालात ढळढळीत चूक दाखवावी लागते. २०१४ पर्यंत फाशीच्या फेरविचार याचिकाही न्यायाधीशांच्या दालनात, वकिलाचं तोंडी म्हणणं न ऐकता निकाली निघत. त्या वर्षी मोहम्मद आरिफ खटल्यानं खुल्या न्यायालयातल्या सुनावणीचा हक्क दिला. आणखी एक गोष्ट सांगा: या सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हे सर्वोच्च न्यायालयानं फाशी सुनावल्यानंतर ठरलं. अल्पवयीनाला कायद्यानं फाशी देताच येत नाही. वयासारखी साधी गोष्ट तीन न्यायालयांच्या हातून सुटते, तेव्हा दडवलेला जबाब पकडला जाईल असं गृहीत धरणं धोक्याचं आहे.

हे पटवायला एक आकडा पुरे, जास्त नकोत. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठानं २०१६ च्या अहवालात २००० नंतरच्या पंधरा वर्षांतल्या फाशीच्या शिक्षांचं पुढे काय झालं ते तपासलं. ज्यांचे खटले शेवटापर्यंत गेले त्यांतल्या शंभरांपैकी साधारण पाच जणांची फाशी टिकली, जवळपास तीस निर्दोष सुटले, बाकीच्यांची शिक्षा कमी झाली. विरोधक म्हणेल, ही तर गाळणी उत्तम चालल्याची खूण. तुम्ही म्हणा की सत्र न्यायालयानं फाशीला पात्र ठरवलेल्यांत दर तीन-चार माणसांमागे एक निर्दोष ठरत असेल, तर शेवटी उरलेल्या पाचांबद्दलही आपल्याला तेवढी खात्री देता येणार नाही. हे पाच त्याच पोलिसांच्या तपासातून आणि त्याच पद्धतीच्या ओळख परेडमधून पुढे आलेले असतात.

‘तुरुंगात गेलेली सोळा वर्षं तरी कुठे परत येतात?’ असंही विचारतील. येत नाहीत, मान्य करा. मग सांगा की म्हणूनच पाच लाख ही रक्कम तोकडी वाटते, पण ती द्यायला समोर माणूस तरी होता.

जरबेच्या मुद्द्यावर मुलं एक हमखास चूक करतात. ‘फाशीनं गुन्हे कमी होत नाहीत हे सिद्ध झालंय’ असं ठोकून देतात. तसं सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं २०१२ मध्ये तोवरचा अभ्यास तपासून एवढंच म्हटलं की फाशीनं खून वाढतात, कमी होतात की फरकच पडत नाही, यातलं काहीही त्या अभ्यासांवरून सांगता येत नाही. तुम्हीही तेवढंच म्हणा: जरब सिद्ध झालेली नाही आणि माणसाचा जीव घ्यायचा असेल तर ती सिद्ध करायची जबाबदारी जीव घेणाऱ्यावर येते.

‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं’ हा गैरसमज तर वकिलांतही आहे. १९६१ च्या गोपाळ गोडसे प्रकरणापासून जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य असंच सर्वोच्च न्यायालय सांगत आलंय. चौदा वर्षं ही खुनासारख्या गुन्ह्यात सरकारनं सूट देण्याआधी काढायची किमान मुदत आहे, त्यानंतर सुटण्याचा हक्क नव्हे. सूट न देता ठेवायची शिक्षा फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयच देऊ शकतं. राष्ट्रपती आणि राज्यपालांचा दयेचा अधिकार त्यातही शाबूत राहतो. कोणी तो मुद्दा काढला तर नाकारू नका.

कलमं नवीन सांगा. खुनाची शिक्षा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये आहे. फाशी देताना ‘विशेष कारणं’ लिहिण्याची अट नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९३(३) मध्ये आहे, आधी ती दंड प्रक्रिया संहितेच्या ३५४(३) मध्ये होती. आणि ‘दुर्मिळातले दुर्मिळ’ हे सूत्र बच्चन सिंगचं आहे. मच्छी सिंगनं १९८३ मध्ये त्याचे पाच वर्ग पाडले. हे दोन निकाल उलटे सांगणारे वक्ते दर स्पर्धेत भेटतात.

स्टेजवर जाताना हातात दोनच कागद असू द्या. एकावर तारखा. दुसऱ्यावर २०१९ च्या निकालातला अल्बमच्या ओळखीबद्दलचा परिच्छेद, मूळ इंग्रजीत, छापलेला. कोणी म्हणालं की ‘हे तुम्ही रंगवून सांगताय’, तर वाद न घालता तो वाचून दाखवा.